खांबाभोवतीचा चौकोन

पुण्या-मुंबईतल्या एखाद्या मोठ्या मॉलच्या तळघरात गाडी लावून झाली की क्षणभर मान वर करून पाहावं. घरातल्या छताला असतात तशा तुळया, म्हणजे बीम, तिथे बहुतेकदा दिसत नाहीत. सगळं छत सपाट असतं आणि ते थेट खांबांवर टेकलेलं असतं. खांबाच्या डोक्याशी मात्र छत एकदम जाड झालेलं दिसतं. अडीच-तीन मीटर लांबी-रुंदीचा एक चौकोनी थर खाली उतरलेला असतो, जणू खांब आणि छत यांच्यामध्ये कुणी मोठा पाट ठेवला आहे. बांधकामाच्या भाषेत या चौकोनाला ‘ड्रॉप’ किंवा ‘ड्रॉप पॅनल’ म्हणतात आणि अशा बीम नसलेल्या छताला ‘फ्लॅट स्लॅब’.

तो चौकोन शोभेसाठी नसतो. तो काढला आणि त्याची भरपाई केली नाही, तर ते छत कसं पडेल हे इंजिनिअरला नेमकं सांगता येतं. स्लॅब मधोमध वाकून मोडणार नाही. खांब जागच्या जागी उभा राहील आणि स्लॅबला भोक पाडून वर निघेल. कागदाला पंचिंग मशीन भोक पाडतं, तसंच काहीसं. म्हणूनच या प्रकाराचं नाव ‘पंचिंग शिअर’.

नेहमीच्या इमारतीत स्लॅबवरचं वजन आधी बीमकडे जातं आणि बीम ते खांबाकडे पोचवतात. बीम चांगले दीड-दोन फूट खोल असतात, त्यामुळे खांबाच्या तोंडाशी वजन उतरायला भरपूर काँक्रीट मिळतं. पण त्या खोलीची किंमतही मोजावी लागते. वातानुकूलनाच्या नळ्या, पाण्याचे पाइप, आगीसाठीच्या स्प्रिंकलरची लाइन हे सगळं बीमच्या खालून न्यावं लागतं आणि प्रत्येक मजल्याची उंची तेवढी वाढते. फ्लॅट स्लॅबमध्ये ही अडचण राहत नाही. शटरिंगही सोपं होतं. बीमच्या पेट्या बनवायच्या नाहीत, फक्त सपाट प्लाय पसरायचे. म्हणून पार्किंग, ऑफिसं, गोदामं आणि इस्पितळं यांत ही पद्धत रुळली.

पद्धत नवी नाही. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात सी. ए. पी. टर्नर या इंजिनिअरने १९०६मध्ये जॉन्सन-बोवी इमारतीत असा स्लॅब बांधला. त्याने खांबांची डोकी वर छत्रीसारखी पसरट केली होती, त्यामुळे लोक या रचनेला ‘मशरूम स्लॅब’ म्हणू लागले. स्वित्झर्लंडमध्ये रोबेर मायार स्वतंत्रपणे त्याच वाटेने चालला होता. त्याने १९१०मध्ये झुरिकच्या एका गोदामात तसेच फुलत गेलेले खांब उभे केले. दोघांनीही बीम काढले, पण खांबाचं डोकं रुंद ठेवलं. पुढे घरं आणि ऑफिसं बांधताना ती पसरट डोकी नकोशी वाटू लागली. छत अगदी गुळगुळीत सपाट हवं, खांब सरळ आणि बारीक हवेत, अशी मागणी आली. धोका नेमका इथे वाढला.

फ्लॅट स्लॅबमध्ये वजन खांबाकडे कसं येतं ते पाहिलं की धोका कुठून येतो ते कळतं. समजा, खांब आठ-आठ मीटर अंतरावर आहेत. मधल्या प्रत्येक खांबाच्या वाट्याला आठ गुणिले आठ, म्हणजे ६४ चौरस मीटर स्लॅब येतो. या सगळ्या क्षेत्रावरचं वजन चारी बाजूंनी खांबाकडे सरकत येतं. खांबापासून दूर असताना त्याला उतरायला मोठा घेर असतो. खांबाजवळ येईल तसा तो घेर आकसत जातो. गणपती विसर्जनाला मैदानभर पांगलेली गर्दी शेवटी एका अरुंद फाटकातून बाहेर पडते, तशी अवस्था इथे काँक्रीटची होते. सगळी रेटारेटी खांबाला लागून असलेल्या एका छोट्या कड्यात होते.

कडं फुटतं तेव्हा भेग खांबाला चिकटून सरळ उभी जात नाही. ती स्लॅबच्या तळाशी खांबाच्या कडेपासून निघते आणि तिरकी, बाहेरच्या बाजूला पसरत, वरच्या पृष्ठभागापर्यंत पोचते. चारी बाजूंनी अशी भेग गेली की खांबाच्या माथ्यावर काँक्रीटचा एक तुकडा अडकून राहतो, तळाशी अरुंद आणि वर पसरट, परातीसारखा. बाकीचा स्लॅब त्याच्याभोवतीने खाली घसरतो.

हिशेबाला सोपं जावं म्हणून भारतीय मानक आयएस ४५६ या तिरक्या भेगेऐवजी एक काल्पनिक उभी भिंत धरायला सांगतं. तिला ‘क्रिटिकल सेक्शन’ म्हणतात. ती खांबाच्या कडेपासून स्लॅबच्या प्रभावी जाडीच्या निम्म्या अंतरावर असते. प्रभावी जाडी म्हणजे स्लॅबची पूर्ण जाडी नव्हे. स्लॅबच्या तळापासून वरच्या सळयांच्या मध्यापर्यंतची उंची तेवढी धरायची. खांबावर स्लॅब वरच्या अंगाने ताणला जातो, म्हणून तिथे मुख्य सळया वर असतात आणि त्यांच्यावरचं काँक्रीट फक्त आच्छादन, म्हणजे कव्हर, ठरतं. ही ‘प्रभावी जाडी’ लक्षात ठेवायला हवी, कारण या प्रकरणातला सर्वांत मोठा घोटाळा तिच्याच बाबतीत होतो.

एक उदाहरण आकड्यांनी सोडवून पाहू. खांब ६० सेंटिमीटर चौरस, स्लॅब २५ सेंटिमीटर जाड, प्रभावी जाडी २१ सेंटिमीटर, काँक्रीट एम ३० प्रतीचं. स्लॅबचं स्वतःचं वजन, फरशी, पार्टिशन आणि माणसं-सामान मिळून दर चौरस मीटरला सुमारे सव्वा टन धरलं, तर ६४ चौरस मीटरचं वजन साधारण ८० टन होतं. डिझाइन करताना सुरक्षिततेसाठी ते दीडपट धरतात. म्हणजे खांबाभोवतीच्या त्या काल्पनिक भिंतीने सुमारे ११९ टन पेलायचे.

भिंतीची एक बाजू ६० अधिक २१, म्हणजे ८१ सेंटिमीटर. चार बाजूंचा घेर ३२४ सेंटिमीटर. त्याला २१ने गुणलं की ६,८०४ चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळ मिळतं. ११९ टन त्यावर वाटले, तर दर चौरस सेंटिमीटरला साडेसतरा किलोच्या आसपास ताण येतो. एम ३० काँक्रीटला अशा जागी, कोणतीही खास सळई न घालता, सुमारे १४ किलोचीच परवानगी आहे. म्हणजे स्लॅब वाकण्याच्या हिशेबात उत्तम उत्तीर्ण झाला असला, तरी खांबाशी तो नापास आहे. प्रत्यक्षात हा ताण आणखी वाढतो. दोन बाजूंचे गाळे असमान असले, एका बाजूला वजन जास्त असलं, किंवा खांब इमारतीच्या कडेला असला, तर ताण चारी बाजूंना सारखा वाटला जात नाही. कोपऱ्यातल्या खांबाला तर घेराच्या दोनच बाजू मिळतात.

आता पहिला उपाय, ड्रॉप. खांबाभोवती २.७ मीटर चौरस भागात स्लॅब फक्त १० सेंटिमीटरने जाड केला. मानकानुसार ड्रॉपची लांबी गाळ्याच्या एक तृतीयांशापेक्षा कमी चालत नाही, म्हणून हा आकार. प्रभावी जाडी ३१ सेंटिमीटर झाली. काल्पनिक भिंत उंच झाली आणि थोडी बाहेरही सरकली, त्यामुळे घेर ३६४ सेंटिमीटर झाला. क्षेत्रफळ ११,२८४ चौरस सेंटिमीटरवर गेलं. ड्रॉपचं स्वतःचं वजन मिळवूनही ताण अकरा किलोच्या आत येतो. ड्रॉप संपतो तिथे पुन्हा एक तपासणी करावी लागते, कारण तिथे स्लॅब परत पातळ होतो. पण तिथला घेर साडेअकरा मीटरच्या वर असल्यामुळे ताण अगदीच किरकोळ असतो.

यासाठी लागलेलं जादा काँक्रीट पाऊण घनमीटरसुद्धा नाही. हीच १० सेंटिमीटर जाडी सगळ्या गाळ्यात वाढवली असती, तर ६.४ घनमीटर काँक्रीट लागलं असतं आणि प्रत्येक खांबावर १६ टन नवं वजन आलं असतं. जिथे गर्दी होते तिथलंच फाटक रुंद करण्याचा हा मार्ग आहे.

दुसरा उपाय म्हणजे जाडी तीच ठेवून पोलाद घालणं. स्लॅबमधल्या नेहमीच्या सळया आडव्या असतात, त्या तिरक्या भेगेला फारशा अडवत नाहीत. भेग ओलांडून जाणारं उभं पोलाद लागतं. ते बंद रिंगांच्या रूपात घालतात. हल्ली पट्टीवर उभ्या केलेल्या, डोकं असलेल्या जाड खिळ्यांच्या रूपातही घालतात. त्या पट्टीला ‘स्टड रेल’ म्हणतात. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात वॉल्टर डिल्गर आणि अमीन घाली यांनी या स्टडवर मूलभूत काम केलं. पातळ स्लॅबमध्ये रिंगेच्या बाकाला काँक्रीटची पकड नीट मिळत नाही. स्टडचं चपटं डोकं मात्र भेगेच्या वर आणि खाली घट्ट अडकून राहतं.

या उपायालाही मर्यादा आहे. आयएस ४५६नुसार ताण परवानगीच्या दीडपटीपर्यंतच पोलादाने सावरता येतो. आपल्या उदाहरणात ही सीमा सुमारे २१ किलो आहे. तिच्या पलीकडे स्लॅबचं डिझाइनच बदलावं लागतं, कितीही पोलाद घातलं तरी चालत नाही. शिवाय उभं पोलाद घातल्यावर काँक्रीटची ताकद निम्मीच धरायची असते, कारण भेग पडल्यानंतर त्याच्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. म्हणजे आपल्या स्लॅबमध्ये काँक्रीट सात किलो उचलेल आणि उरलेले साडेदहा किलो, एकूण सत्तर टनांच्या आसपास, पोलादाला घ्यावे लागतील. रिंगांच्या किंवा स्टडच्या रांगा एकमेकींच्या जवळ हव्यात. त्यांच्यातलं अंतर स्लॅबच्या जाडीएवढं झालं, तर तिरकी भेग दोन रांगांच्या मधून, एकाही सळईला न शिवता, वर निघून जाते.

कागदावर हे सगळं बसतं. साइटवर काय होऊ शकतं ते फ्लोरिडातल्या कोको बीच गावी दिसलं.

२७ मार्च १९८१ रोजी तिथे ‘हार्बर के’ नावाची पाच मजली इमारत बांधून पूर्ण होत आली होती. सगळे स्लॅब आठ इंची, सपाट, ड्रॉप नसलेले. छताचं काँक्रीट ओतायचं काम चालू होतं. ताज्या काँक्रीटचं आणि शटरिंगचं वजन टेकूंमधून खालच्या पाचव्या मजल्याच्या स्लॅबवर उतरत होतं. काम संपत आलं असताना पाचवा मजला खांबांपासून सुटला आणि खालच्या मजल्यावर आदळला. तो त्याच्या खालच्यावर आदळला आणि इमारत जमिनीपर्यंत खाली आली. अकरा कामगार मेले, तेवीस जखमी झाले.

अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सने तपास केला. त्यात दोन चुका एकमेकींवर चढलेल्या सापडल्या. पहिली डिझाइनची होती. वाकण्याचे हिशेब झाले होते, पण खांबाभोवतीच्या पंचिंग शिअरची तपासणी केलेलीच नव्हती. दुसरी साइटवरची होती. वरच्या सळया उचलून धरायला ज्या खुर्च्या वापरल्या, त्या हव्या त्यापेक्षा बुटक्या होत्या. नकाशाप्रमाणे प्रभावी जाडी ६.३ इंच यायला हवी होती, प्रत्यक्षात ती ५.३ इंचांच्या आसपास आली. बाहेरून मोजलं असतं तर स्लॅब पूर्ण आठ इंचांचा भरला असता. कमी झालेला एक इंच आतल्या काँक्रीटमध्ये होता, सळयांच्या वर, जिथे तो कुणाला दिसत नाही आणि काही कामाचाही नाही.

आपल्याकडच्या प्रत्येक स्लॅबवर या खुर्च्या असतात. फिटर उरलेल्या सळईचा तुकडा वाकवून त्या बनवतो आणि वरची जाळी त्यांच्यावर ठेवतो. मग इलेक्ट्रिकचे पाइप टाकणारे जाळीवरून चालतात. काँक्रीट पंपाचा होज ओढला जातो. पंधरा-वीस माणसं दिवसभर त्यावर वावरतात. खुर्च्या कमी असल्या किंवा बारीक सळईच्या असल्या, तर जाळी खाली दबते. आपल्या उदाहरणातल्या स्लॅबमध्ये ती चार सेंटिमीटर दबली असं धरू. प्रभावी जाडी २१वरून १७वर आली. उंची तर घटलीच, पण काल्पनिक भिंत खांबाच्या जवळ सरकल्यामुळे घेरही कमी झाला. क्षेत्रफळ ५,२३६ चौरस सेंटिमीटर उरलं आणि ताण पावणेतेवीस किलोच्या जवळ गेला. जो स्लॅब रिंगा घालून सावरता येत होता, तो आता मानकाने साफ नाकारलेल्या हद्दीत आहे. काँक्रीट ओतल्यानंतर हे कुणाच्याही नजरेला पडणार नाही.

घेर किती मोलाचा, ते दक्षिण कोरियात कळलं. २९ जून १९९५ रोजी सोलमधलं सॅम्पूंग डिपार्टमेंट स्टोअर कोसळलं आणि ५०२ माणसं गेली. तेही फ्लॅट स्लॅबचंच होतं. तिथे ८० सेंटिमीटर हवे असलेले खांब ६० सेंटिमीटरचे केले गेले होते. मूळच्या आराखड्यात नसलेला पाचवा मजला चढवला होता, त्यात रेस्टॉरंटं थाटली होती आणि छतावर वातानुकूलनाची जड यंत्रं होती. खांब बारीक केला की खांबाची ताकद तर घटतेच, पण त्याच्याभोवतीचं फाटकही अरुंद होतं. एकाच बदलाने दोन्हींवर घाव पडतो.

पंचिंगची भीती वाटते ती त्याच्या वेगामुळे. बीम वाकून मोडतो तेव्हा सळया आधी ताणल्या जातात, भेगा रुंदावतात, छत खाली झुकतं आणि माणसांना पळायला बहुधा वेळ मिळतो. पंचिंगमध्ये काँक्रीट तुटतं आणि तुटण्याआधी ते फारसं झुकत नाही. एक खांब निकामी झाला की त्याचं ओझं शेजारच्या खांबांवर जातं. त्यांच्याभोवतीचा ताण आधीच काठावर असला, तर तेही एकामागून एक सुटतात. म्हणून नव्या नियमांमध्ये खांबातून आरपार जाणाऱ्या खालच्या सळयांवर भर असतो. वरच्या सळया भेग पडल्यावर काँक्रीट उचकटून बाहेर येतात. खालच्या सळया खांबाच्या गाभ्यात अडकलेल्या असतात, त्यामुळे सुटलेला स्लॅब त्यांच्यावर झोळीसारखा लोंबकळू शकतो. त्यांच्यामुळे पंचिंग थांबत नाही. सुटलेला मजला खालच्या मजल्यावर आदळण्यापासून मात्र त्या वाचवू शकतात.

तरी काही खुणा असतात, पण त्या पाहायच्या कुठे हे माहीत हवं. सुरुवातीच्या भेगा स्लॅबच्या वरच्या अंगाला पडतात. काही खांबापासून किरणांसारख्या बाहेर धावतात, काही खांबाभोवती गोल फिरतात. खालून छत पाहणाऱ्याला त्या दिसत नाहीत आणि वरून फरशीने झाकलेल्या असतात. म्हणून खांबाभोवतीच्याच फरश्या उचलल्या, त्यांचे सांधे फुटले किंवा तिथे पाऊल पोकळ वाजलं, तर फरशी बदलण्याआधी एक फरशी काढून खालचा स्लॅब पाहावा. त्यावर गोल आणि किरणांसारख्या भेगा दिसल्या, तर त्या भागातलं वजन उतरवून, खाली टेकू लावून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावं.

अनेक सोसायट्यांमध्ये पार्किंगच्या वरच्या पोडियमवर बाग असते. तिथली माती हा या हिशेबातला मोठा आकडा आहे. ओली माती घनमीटरला दोन टनांच्या जवळ जाते, म्हणजे नव्याने टाकलेला ३० सेंटिमीटरचा थर दर चौरस मीटरला सुमारे ६०० किलो वाढवतो. आपल्या उदाहरणातल्या एका खांबावर ते ३८ टनांच्या वर जातं. छतावर किंवा पोडियमवर नंतर बसवलेली पाण्याची टाकी, खांबाला खेटून ठेवलेलं जनरेटर, ही वजनंही मूळ डिझाइनमध्ये धरलेली असतीलच असं नाही.

दुसरी नेहमीची गोष्ट म्हणजे कोअर कटिंग. नवं स्वयंपाकघर किंवा स्वच्छतागृह करताना पाइपसाठी स्लॅबला गोल भोकं पाडतात. खांबाच्या शेजारी पाइप लपतो, म्हणून प्लंबरला तीच जागा सोयीची वाटते. फ्लॅट स्लॅबमध्ये तीच जागा सर्वांत नाजूक. भोक घेराचा एक भाग खातं आणि मशीनचा हिरा वरच्या सळया कापून जातो. मानक अशा भोकामुळे वाया जाणारा घेर हिशेबातून वजा करायला सांगतं. आपल्या ३२४ सेंटिमीटरपैकी ४० सेंटिमीटर गेले, तर बारा टक्के ताकद गेली. ड्रॉपच्या भागात आणि ड्रॉप नसेल तर खांबाच्या आसपास, कटिंगआधी इंजिनिअरची लेखी परवानगी लागेल, असा नियम सोसायटीला सहज करता येतो.

बांधकाम चालू असेल तर तपासणीची वेळ काँक्रीट येण्याआधीची. खांबाच्या डोक्याशी उभं राहून शटरिंगच्या प्लायपासून वरच्या सळईच्या मध्यापर्यंत टेप लावायचा आणि आकडा नकाशाशी ताडून पाहायचा. रिंगा किंवा स्टड असतील तर त्यांच्या रांगा, पहिल्या रांगेचं खांबापासूनचं अंतर आणि खांबातून आरपार गेलेल्या खालच्या सळया मोजायच्या. काँक्रीट ओतताना खांबाजवळची जाळी पुन्हा एकदा पाहायची, कारण सकाळी बरोबर असलेली खुर्ची दुपारपर्यंत आडवी झालेली असू शकते. एका खांबाला या कामी पाच मिनिटं लागतात.